कल, काल आणि उद्या : मुलांच्या वाचनचुका ऐकताना

पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिलींतील मराठी घरांत मूल बोलायला शिकते ते मराठीत, आणि वाचायला शिकते ते बहुधा हिंदीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, तेव्हापासून ही स्थिती आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी वर्गातले पुस्तक बदललेले नाही. या स्थितीवर आपण राजकीय अंगाने पुष्कळ बोललो आहोत. आज मी तिच्या एका लहानशा, पण मोजता येण्याजोग्या परिणामाविषयी लिहिणार आहे. मराठी घरातले मूल हिंदी उतारा मोठ्याने वाचते, मध्येच छापलेला शब्द सोडून दुसराच शब्द उच्चारते, आणि आपण म्हणतो, 'चुकला.' ती चूक नेमकी कोणत्या जातीची आहे, हे आपण विचारत नाही.

हा प्रश्न शास्त्रीय रीतीने विचारणारा अभ्यासक म्हणजे अमेरिकेतील केनेथ गुडमन. १९६५ साली त्यांनी पहिली ते तिसरीच्या शंभर मुलांचे वाचन तपासले. मुलांच्या वाचनातील विचलनांना 'चूक' म्हणणे त्यांना पटेना. छापलेला मजकूर वाचकाला अनेक खुणा देतो : अक्षराचा आकार, वाक्याची रचना, आधीच्या वाक्याचा अर्थ. वाचक यांपैकी काही खुणा उचलतो, काही सोडतो. जे उच्चारले जाते ते या निवडीचे फळ असते. म्हणून त्यांनी 'मिस्क्यू' हा शब्द योजला. पुढे यट्टा गुडमन आणि कॅरोलिन बर्क यांनी १९७२ मध्ये या पद्धतीची रीतसर तपासणीसंहिता तयार केली.

'मिस्क्यू'ला मराठीत नवा शब्द घडवण्याची गरज मला वाटत नाही. आपल्याकडे 'पाठभेद' हा जुना आणि चपखल शब्द आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती प्रतींमधून पाठभेद साचले होते म्हणूनच. हस्तलिखिते तपासणाऱ्यांना ठाऊक असते, की लेखनिकाचे भेद दोन प्रकारचे असतात. एक लेखनिक अर्थ समजून लिहीत जातो आणि जुन्या शब्दाच्या जागी नकळत आपल्या काळचा समानार्थी शब्द घालतो. दुसरा केवळ अक्षरे उतरवतो. त्याच्या हातून अक्षराची उलटापालट होते आणि अर्थहीन शब्द जन्मतो, पण त्याला ते खटकत नाही. पहिल्याने मूळ शब्द घालवला, तरी त्याला ओवी समजली होती. मुलांच्या वाचनातही हेच दोन लेखनिक बसलेले असतात.

पद्धत सोपी आहे, पण तिची पथ्ये कडक आहेत. मुलाने पूर्वी न वाचलेली, पूर्ण असलेली गोष्ट घ्यावी. तुटक शब्दांची यादी चालत नाही. ती मुलाच्या इयत्तेपेक्षा किंचित कठीण असावी, कारण सोप्या मजकुरात पाठभेदच पडत नाहीत आणि मग हाती काही लागत नाही. पूर्ण तपासणीसाठी निदान पंचवीस पाठभेद मिळतील एवढी तिची लांबी असावी लागते. मुलाला आधीच सांगावे, की मी मध्ये मदत करणार नाही, अडलास तर तुला जे योग्य वाटेल ते कर, आणि शेवटी मी तुला गोष्ट सांगायला लावणार आहे. मग वाचन ध्वनिमुद्रित करावे. आपल्याजवळ त्याच मजकुराची, ओळी तशाच तोडलेली दुसरी प्रत ठेवावी. मुलाने बदललेला शब्द छापील शब्दाच्या डोक्यावर लिहावा, गाळलेल्याभोवती वर्तुळ काढावे, घातलेल्यासाठी काकपद द्यावे, आणि मुलाने स्वतःहून मागे जाऊन सुधारलेल्या जागी वेगळी खूण करावी. ही शेवटची खूण सर्वांत मोलाची. वाचन संपल्यावर पुस्तक बाजूला ठेवून मुलाकडून गोष्ट ऐकायची. आपण प्रश्न विचारायचा तो मुलाच्याच शब्दांतला. गोष्टीतली जी माहिती त्याने सांगितली नाही, ती आपल्या प्रश्नातून त्याच्या हाती जाता कामा नये.

मुलाला लगेच दुरुस्त न करणे हे पथ्य शिक्षकांना सर्वांत जड जाते. मूल चुकीचा शब्द म्हणाले, की खरा शब्द आपल्या ओठांवर येतोच. पण तो उच्चारला की पुरावा नष्ट होतो. मूल पुढचे दोन शब्द वाचून स्वतःच मागे फिरले असते की नाही, हे मग कधीच कळत नाही. शिवाय काही दिवसांनी मूल अडल्यावर मजकुराकडे पाहायचे सोडून आपल्या तोंडाकडे पाहू लागते.

आता प्रत्यक्ष उदाहरण. परिचयातील दोन मुलांना, दोघेही चौथीतले, मी स्वतः रचलेली एक हिंदी गोष्ट वाचायला दिली. एक मुलगी, एक मुलगा; दोघांच्याही घरी आपली वऱ्हाडी वळणाची मराठी. संत्र्याचे बगीचे दोघांच्याही पायाखालचे, म्हणून गोष्ट बगीच्यातलीच घेतली. तिच्यातला एक तुकडा येथे देतो :

"दादाजी सुबह बगीचे में गए। पेड़ों के नीचे संतरे की टोकरियाँ रखी थीं। एक टोकरी खाली थी। दादाजी ने मुन्नी को बुलाकर पूछा, 'कल तो यह भरी थी न?' मुन्नी ने मेंड़ की ओर देखा। वहाँ छिलके बिखरे थे। दादाजी बोले, 'कल हम जल्दी आएँगे और बंदरों को भगाएँगे।'"

सात वाक्ये, एकोणपन्नास शब्द.

मुलीचे वाचन असे झाले. पहिले वाक्य जसेच्या तसे. दुसऱ्यात 'पेड़ों' ऐवजी 'झाड़ों' आणि 'टोकरियाँ' ऐवजी 'टोपलियाँ'. तिसरे वाक्य 'एक टोपली रिकामी थी'. चौथ्यात 'काल तो यह भरी थी न'. पाचव्यात 'मेंड़' च्या जागी 'मेंढी' : 'मुन्नी ने मेंढी की ओर देखा'. सहाव्यात 'बिखरे थे' ऐवजी 'पड़े थे'. सातव्यात ती म्हणाली, 'काल हम जल्दी आ–', थांबली, मागे गेली आणि म्हणाली, 'उद्या हम जल्दी आएँगे'. पुढचे सगळे अचूक.

मुलगा झपझप वाचत गेला. त्याचे भेद दोनच, दोन्ही सहाव्या वाक्यात : 'छिलके' चे 'छिकले' आणि 'बिखरे' चे 'बिकरे'. दोन्ही शब्द हिंदीत नाहीत आणि मराठीतही नाहीत. तो थांबला नाही, आवाजही हलला नाही.

आधी नुसती मोजदाद करू. मुलीचे पाठभेद आठ; त्यांतला एक तिने स्वतः सुधारला, पण तिथेही छापील शब्द आला नाही. म्हणजे एकोणपन्नासांपैकी एक्केचाळीस शब्द बरोबर, शेकडा ८४. मुलाचे सत्तेचाळीस बरोबर, शेकडा ९६. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी वाचननोंदीची जी रीत घालून दिली, तिच्यात शेकडा ९० च्या खाली गेलेला मजकूर त्या मुलाला शिकण्यासाठीही जड समजतात. २००५ पासून ग्रामीण भागात गाजत आलेल्या 'असर' पाहणीत परिच्छेद ओघाने आणि तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचला, तर मूल परिच्छेदाच्या पातळीवर आहे असे धरतात. लाखो मुलांची घरोघर झटपट पाहणी करायची तर असा नियम लागतोच. त्या पाहणीला मी दोष देत नाही. पण हाच गज वर्गात शिक्षकाच्या हाती आला, की आपल्या मुलीवर 'कच्ची' असा शिक्का बसतो आणि मुलगा पुढच्या रांगेत जातो. मग पालकांना सल्ला मिळतो : घरी मराठी बोलणे बंद करा, मुलगी हिंदीत मराठी मिसळते.

आता त्याच पाठभेदांकडे गुडमन यांच्या प्रश्नांनी पाहू. प्रश्न मुख्यतः असे : मुलाने जसे वाचले तसे वाक्य व्याकरणात बसते का? अर्थात बसते का? गोष्टीचा अर्थ बदलला का? उच्चारलेला शब्द छापील शब्दासारखा दिसतो का, ऐकू येतो का? सारखेपणा पाहताना शब्दाचे आरंभ, मध्य, शेवट असे तीन भाग कल्पितात. दोन भाग जुळले तर साम्य बरेच आहे असे मानतात. देवनागरीत हे अक्षराअक्षराने पाहणे सोयीचे पडते.

'टोकरियाँ' चे 'टोपलियाँ' घ्या. आरंभीचे 'टो' आणि शेवटचे 'याँ' जागेवर आहेत, मध्य बदलला आहे. मुलीने अक्षरे सोडून दिलेली नाहीत. शिवाय शब्द मराठी आणि त्याला लावलेला अनेकवचनाचा प्रत्यय हिंदी. मराठीत ती 'टोपल्या' म्हणाली असती. म्हणजे वस्तू तिने आपल्या घरच्या शब्दाने ओळखली, पण आपण हिंदी वाक्य वाचत आहोत याचे व्याकरणभान क्षणभरही सुटले नाही. हे भाषांतर आहे, आणि तेही धावत्या वाचनात केलेले. 'खाली' चे 'रिकामी' याहून पुढचे. या दोन शब्दांत एकही अक्षर जुळत नाही. डोळ्याने घेतलेले रूप कानापर्यंत न जाता थेट अर्थाकडे गेले आणि अर्थातून दुसराच शब्द बाहेर आला. अर्थ न लावता हा पाठभेद पडूच शकत नाही.

या सगळ्यांत मला सर्वाधिक बोलका वाटतो तो 'कल' हा शब्द. हिंदीत कालही 'कल' आणि उद्याही 'कल'. कोणता, हे क्रियापद सांगते, आणि क्रियापद येते वाक्याच्या शेवटी. मराठीला ही दुहेरी सोय नाही. येथे बोलणाऱ्याला आधीच ठरवावे लागते. मुलीने चौथ्या वाक्यात 'काल' म्हटले ते बरोबर निघाले. वाचताना डोळा आवाजाच्या काही शब्द पुढे चालत असतो, तेव्हा 'भरी थी' तिने आधीच टिपले असणे शक्य आहे. कोणी म्हणेल, 'कल' आणि 'काल' दिसायला सारखे, एक काना अधिक पडला एवढेच. यात अर्थ कुठे आला? शंका रास्त आहे, आणि एकाच पाठभेदावरून निवाडा करू नये, हा या पद्धतीचा पहिला धडा आहे. उत्तर सातव्या वाक्यात मिळते. तिथेही ती प्रथम 'काल'च म्हणाली. केवळ आकाराची फसगत असती, तर 'काल हम जल्दी आएँगे' असे वाचून ती पुढे गेली असती. पण 'आएँगे' नजरेस पडताच 'काल' टिकेना. ती थांबली, मागे गेली, आणि 'कल' शी अक्षराने फारसा न जुळणारा 'उद्या' तिने आणला. छापील शब्द तिने दोन्ही वेळा 'चुकवला', आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ अचूक सांगितला. नुसते 'कल' असे बरोबर वाचणाऱ्या मुलाला कोणता कल कळला, हे आपल्याला कधीच समजत नाही.

'मेंढी' चा भेद मात्र खरोखर अर्थ बदलणारा आहे. मेंड़ म्हणजे शेताचा बांध, आपला धुरा. शब्द तिला ठाऊक नव्हता, म्हणून सारखा दिसणारा ओळखीचा शब्द तिने घेतला. वाक्य व्याकरणात बसले, मेंढीकडे पाहणेही अशक्य नाही, आणि ती पुढे गेली. वाक्यावाक्याने हिशेब केला, तर सातांपैकी सहा वाक्ये अर्थाने ग्राह्य, एक नाही. मराठी शब्द असलेली वाक्ये मी ग्राह्य धरली. गुडमन वाचकाच्या बोलीचे रूप दोषात मोजत नाहीत. दुसऱ्या भाषेचा शब्द मोजावा की नाही, हा निर्णय तपासणाऱ्याचा, आणि अर्थ पाहायचा असेल तर तो मोजू नये असे माझे मत आहे.

मुलाचीही तीच बेरीज येते. सहावे वाक्य अर्थहीन झाले, उरलेली सहा छापल्याप्रमाणे वाचली म्हणून ग्राह्य. दोघांचेही सातांत सहा. आता भेद कशाने कळावा? पाठभेद जिथे पडतो तिथेच तो मनात डोकावू देतो. जिथे वाचन बिनचूक आहे, तिथे खिडकी बंद असते. म्हणून शेवटचे गोष्ट सांगणे गाळता येत नाही.

मुलगी म्हणाली, "आबाची एक टोपली रिकामी झाली. मुन्नीले वाटलं मेंढीनं खाल्ले असन. पन माकडं व्हते. आता ते उद्या सकायीच येतीन." मेंढीचे काय झाले ते पाहा. चुकून आत आलेल्या मेंढीला तिने वाऱ्यावर सोडले नाही. तिला संशयित म्हणून गोष्टीत जागा दिली, आणि शेवटी माकडे आल्यावर संशय मागे घेतला. चुकीचा शब्दसुद्धा तिने अर्थाच्या दाव्याला बांधून ठेवला. एक शब्द चुकला, पण कथानक हातचे गेले नाही. नंतर मी मेंड़चा अर्थ सांगितला, तर ती वैतागून म्हणाली, "धुरा म्हना ना मंग!"

मुलगा म्हणाला, "दादाजी बगीच्यात गेले. तिथं टोपल्या व्हत्या. एक खाली व्हती." मी विचारले, "एक खाली होती म्हणालास, त्याबद्दल आणखी सांग." तो म्हणाला, "खाली. झाडाखाली." मग दादाजींनी मुन्नीला बोलावले, हे त्याने सांगितले, कशासाठी, ते सांगता आले नाही. "मंग बंदर व्हते," असे म्हणून त्याने गोष्ट संपवली.

'खाली' हा शब्द त्याने निर्दोष उच्चारला, आणि तिथेच गोष्ट हातची गेली. आपल्याकडेही 'डबा खाली झाला' असे म्हणतात, तेव्हा रिकामे हा अर्थ त्याला सर्वथा अपरिचित होता असे नाही. पण आधीच्याच वाक्यात 'पेड़ों के नीचे' आले होते, त्यामुळे मराठीतला खाली अधिक जवळचा ठरला. एक टोपली खाली होती. मग त्यात विशेष ते काय? दादाजींचा प्रश्न निरर्थक झाला, सालींना कारण उरले नाही, माकडे आभाळातून पडली. येथे अर्थ लावणाऱ्या वाचकाला अडखळायला हवे होते. 'भरी थी न' वाचून 'खाली' कडे परत जायला हवे होते. त्याच्या वाचनात एकही पुनरावृत्ती नाही, एकही विराम नाही. त्याची सफाई हेच त्याच्या अडचणीचे लक्षण आहे. 'छिकले' आणि 'बिकरे' हे लहानसे भेद त्याच गोष्टीची साक्ष देत होते, पण मोजपट्टीवर ते दोनच भरले.

येवढ्यावरून 'या मुलाला वाचलेले कळत नाही' असे म्हणून थांबणे पुरेसे नाही. न कळण्याची दोन वेगळी कारणे असू शकतात : वाचन कच्चे असेल, किंवा हिंदी कच्ची असेल. ती वेगळी करण्याचा उपाय साधा आहे. काही दिवसांनी मी त्याला तेवढ्याच लांबीची एक गोष्ट हिंदीतून नुसती वाचून दाखवली आणि सांगायला लावली. तीही त्याने तशीच तुटक सांगितली. तिसरी, त्याच बांधणीची गोष्ट मराठीतून सांगितली; ती त्याने कारणांसह, थोडी पदरची भर घालून, परत केली. म्हणजे गोष्टीचा धागा धरण्याची शक्ती त्याच्याजवळ आहे, आणि अक्षरेही आहेत. मधला दुवा, म्हणजे हिंदीचा शब्दार्थ, तेवढा लुळा आहे. कानाने ऐकलेली हिंदी गोष्ट त्याला नीट कळली असती, तर उपाय वाचनाचा करावा लागला असता. येथे तो भाषेचा आहे : हिंदी धडा वाचण्याआधी त्यातल्या गोष्टीवर मराठीत बोलणे, आणि 'खाली', 'शिक्षा', 'चेष्टा' यांसारखे दोन्ही भाषांत वेगळे चालणारे शब्द समोरासमोर ठेवणे. हिंदी 'शिक्षा' वाचून मराठी मुलाच्या मनात छडी उभी राहते, याची शिक्षकाला कल्पना असली तरी पुष्कळ झाले.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण तिच्या भक्तांनी तिच्यावर नको तेवढा भार टाकला. १९६५ च्या अभ्यासात गुडमन यांना आढळले, की यादीत अडलेले पुष्कळसे शब्द मुले गोष्टीत बरोबर वाचतात. तिसरीतली मुले पाचांत चार. पण त्यांनी यादी आधी आणि गोष्ट नंतर दिली होती. टॉम निकोल्सन यांनी १९९१ मध्ये क्रम आलटून पालटून हाच प्रयोग केला, तेव्हा तो फायदा बराच आटला आणि चांगल्या वाचकांत जवळजवळ उरला नाही. गुडमन यांचे 'वाचन हा भाषिक अंदाजांचा खेळ आहे' हे १९६७ मधले मतही आता फारसे टिकलेले नाही. कुशल वाचकाची नजर जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या शब्दावर पडते. संदर्भावरून अंदाज बांधण्याची गरज कच्च्या वाचकालाच जास्त लागते. चित्र पाहून किंवा वाक्यावरून शब्द ओळखा, असे शिकवण्यावर अमेरिकेतील काही राज्यांनी अलीकडे कायद्याने बंदी घातली, ती याच वादातून.

तेव्हा 'रिकामी' म्हणणारी मुलगी आदर्श वाचक आहे असा अर्थ कोणी काढू नये. तिला 'खाली' हे 'खाली' असेच वाचता आले पाहिजे. परीक्षेत, अर्जावर, औषधाच्या चिठ्ठीवर समानार्थी शब्द चालत नाही. तिला 'मेंड़' आणि 'मेंढी' यांतला अक्षरभेद शेवटपर्यंत पाहायला शिकवणे हे काम उरलेच आहे. पाठभेदांची तपासणी फक्त एवढे सांगते, की ते काम अर्थाच्या पायावर उभे करायचे आहे की पाया आधी घालायचा आहे. आणि दोन तपासणारे एकाच वाक्याच्या ग्राह्यतेविषयी वेगळे मत देऊ शकतात. म्हणून तिच्यावरून मुलांचे क्रमांक लावू नयेत.

शेवटी आपल्या अधिक जिव्हाळ्याच्या बाजूकडे येतो : हीच मुले मराठी वाचतात तेव्हा काय होते? गुडमन दांपत्याने १९७८ च्या एका अहवालात अमेरिकेतील आठ समूहांतील मुलांचे वाचन तपासले. चार समूह इंग्रजीच्या ग्रामीण बोली बोलणारे, चार नवाहो, सामोअन, स्पॅनिश व अरबी बोलणाऱ्या घरांतले. बोलीचा उच्चार हा अर्थग्रहणातला अडथळा नव्हे, हे तिथे दिसले. आपल्या भागाला हे तंतोतंत लागू पडते. आपल्या बोलीत 'ळ' चा 'य' होतो, 'ण' चा 'न' होतो, 'ला' चा 'ले' होतो. म्हणून 'माझे डोळे' हे 'माहे डोये' असे वाचले गेले, 'मला पाणी दे' हे 'मले पानी दे' असे वाचले गेले, तर त्यात दुरुस्त करण्याजोगे काही नाही. प्रमाण लेखन डोळ्यांत शिरले आणि घरच्या जिभेवरून बाहेर आले, म्हणजे मध्ये अर्थाची भेट झालीच.

याउलट 'आईने केळी आणली' हे वाक्य हिंदीत अक्षरओळख झालेली काही मुले 'आईने केली आणली' असे वाचतात. 'ळ' त्यांना कोणी स्वतंत्रपणे शिकवलेला नसतो, म्हणून ती जवळचे अक्षर घेतात. प्रमाणभाषेच्या कानाला 'केली' हे 'केयी' पेक्षा सभ्य वाटते. एक खेड्यातले, दुसरे पुस्तकाजवळचे. पण 'केयी आनली' म्हणणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे फळ आहे, आणि 'केली आणली' म्हणून न थांबणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच नाही. दुसऱ्याला 'ळ' शिकवायचा, तोही असा : आधी विचारायचे, बाजारातून आईने काय आणले असेल, आणि तो 'केयी' म्हणाला की त्या शब्दातल्या 'य' च्या जागी पुस्तकात हे अक्षर काढतात, एवढे दाखवायचे.